मधला रकाना

भाच्याने पासपोर्ट माझ्या टेबलावर आपटला, तेव्हा मी एका आजोबांना तिसऱ्यांदा सांगत होते की आडनाव दोनदा लिहायचं नसतं. आजोबा दचकले. मी दचकले नाही. आमच्या घरातली माणसं वस्तू ठेवत नाहीत, आपटतातच.

"तुझ्या भावाने माझं सर्टिफिकेट खाल्लं," तो म्हणाला.

"तुझा बाप आहे तो."

"तुझा भाऊ आधी. मी नंतर आलो."

मी आजोबांना बाजूला बसवलं. सरकारी कचेऱ्यांच्या फाटकासमोर पत्र्याच्या छपराखाली आम्ही सहा जण बसतो. कोणी स्टॅम्प विकतं, कोणी नोटरी आहे, कोणी फोटो काढतं. मी अर्ज भरते. तेवीस वर्षं भरते आहे. लोकांची नावं मराठीतून इंग्रजीत न्यायची, त्यांच्या रकान्यांत बसवायची आणि शाळेच्या दाखल्यापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत ती तशीच राहतील हे बघायचं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

एकाच माणसाच्या आडनावात बँकेत व्ही असतो आणि मतदार यादीत डब्ल्यू. कोणाच्या नावात एक ए, कोणाच्या दोन. ळ ला इंग्रजीत जागाच नाही, त्याला एल वर भागवावं लागतं, आणि लोक मला विचारतात की आमचा ळ कुठे गेला. मी म्हणते, देशोधडीला. बायकांचं तर विचारूच नका. लग्नाआधी मधे वडील, लग्नानंतर मधे नवरा, आणि पदवी एका नावाची, पगार दुसऱ्या नावाचा. माझा नियम एकच आहे. पासपोर्ट असेल तर पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे, अक्षराला अक्षर. आद्याक्षरं लिहायची नाहीत, नाव पूर्ण लिहायचं. आवडीनिवडी घरी ठेवायच्या.

हा नियम मी घरच्यांनाही लावला होता. माझ्या थोरल्या भावाच्या जुन्या कागदांवर आमचं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. त्याला हाताला धरून मी प्रतिज्ञापत्र करायला लावलं, सगळे कागद एका स्पेलिंगवर आणले. मुलाचेही त्याच स्पेलिंगने काढले. "आपल्या घरात एक काना इकडचा तिकडे नाही," असं मी शेजारच्या नोटरीला दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. नोटरी मान डोलवायचा. त्याला माझा कंटाळा आलेला होता हे मला कळायचं, पण मी थांबायचे नाही.

आता घरची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. भाऊ वेल्डर. भाच्यानेही तेच काम उचललं. भाच्याचा जन्म झाला त्याच्या आदल्या वर्षी आमचे वडील गेले होते, म्हणून मी हट्टाने वडिलांचं नाव त्याला ठेवायला लावलं. त्यामुळे झालं असं, की भावाचं नाव आणि त्याच्या पुढे वडिलांचं नाव, हा झाला भाऊ. तीच दोन नावं उलटी केली की झाला भाचा. आडनाव तर एकच. कारखान्यात भावाला सगळे डीव्ही म्हणतात. भाच्याला साहजिकच व्हीडी. मला हे तेव्हा फार गोड वाटलं होतं.

"काय खाल्लं म्हणतोस?" मी विचारलं.

"परीक्षा दिली ना मी? तूच अर्ज भरलास. जाड पाइपाची, दाबाच्या कामाची. पास झालोय. बैठक क्रमांक टाकला की पास दिसतं. पण संस्थेत गेलो तर म्हणतात, या नावाचं सर्टिफिकेट आम्ही दिलेलंच नाही. आणि पत्ता कोणता लावला होता आपण? त्याच्या घरचा. पाच महिने झाले. त्यानेच दाबून ठेवलंय."

"दाबून ठेवून त्याला काय मिळणार?"

"मी जाऊ नये, एवढंच."

जायचं म्हणजे परदेशी. एका पाइपलाइनच्या कंपनीने त्याला बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत परीक्षेचं सर्टिफिकेट पाठवायचं, पासपोर्टवर आहे त्याच नावाचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला. तो दिवस सोमवार होता. बापलेक दीड वर्ष बोलत नव्हते. भावाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, त्या काळात त्याच्या स्वतःच्या सर्टिफिकेटची मुदत संपली. दाबाच्या कामाचं असं असतं, ठरावीक महिने हातात काम नसलं की पुन्हा परीक्षा द्यावी लागते. भाऊ बसला आणि नापास झाला. त्याने दोष यंत्राला दिला. मुलगा म्हणाला, दोष हाताचा आहे. त्यावर भावाने त्याची बॅग जिन्यात ठेवली. म्हणजे आपटली.

मी दुसऱ्या दिवशी भाच्याबरोबर संस्थेत गेले. भांडायलाच गेले होते. खिडकीमागे नोंदणीवाली बसली होती, चष्मा गळ्यात, आवाज थंड. मी तिला सांगितलं की तेवीस वर्षांत माझ्या अर्जावर कोणी बोट ठेवलेलं नाही, तेव्हा चूक तुमचीच आहे, शोधा. तिने बैठक क्रमांकावरून मूळ अर्ज काढला आणि काचेखालून माझ्याकडे सरकवला.

अक्षर माझं होतं. फोटो भाच्याचा होता. रकाने तीन होते, एकाखाली एक. पहिला आडनावाचा, दुसरा मधल्या नावाचा, तिसरा स्वतःच्या नावाचा.

मी भरलं होतं आडनाव, मग भाच्याचं नाव, मग भावाचं.

शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. आडनाव, स्वतःचं, वडिलांचं. हजारो अर्ज मी या क्रमाने भरलेत, आणि बाकीचे हजारो उलट्या क्रमाने, पण डोळे उघडे ठेवून. त्या दिवशी रकान्यांच्या डोक्यावरचं बारीक वाचलंच नाही. भाचा मधल्या रकान्यात गेला. भाऊ पुढे आला.

"दुसऱ्या कोणाचा अर्ज असता ना," नोंदणीवाली म्हणाली, "तर आमच्या लक्षात आलं असतं. असा माणूसच सापडला नसता. पण हा माणूस आमच्याकडे होता. हेच नाव, हेच मधलं नाव, हेच आडनाव, हाच पत्ता, धंदाही हाच. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक नाही. जुन्या नोंदीत जन्मतारीख नसते. आमच्या ऑफिसातल्या मुलांना वाटलं की जुना वेल्डर पुन्हा परीक्षेला बसलाय. त्याच्याच क्रमांकावर नवी मुदत टाकली. कार्ड घरी पाठवलं."

"म्हणजे पास मी झालो," भाचा म्हणाला, "आणि परवाना त्याचा नवा झाला?"

"कागदावर तसंच आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी अर्जाकडे बघत राहिले. लाज वाटली, असं म्हणणं कमी होईल. जगाला शहाणपण शिकवणारी मी, घरच्याच अर्जावर तोंडावर पडले होते. शिवाय मीच सगळ्यांची स्पेलिंगं एक केली नसती, भावाच्या कागदावर डब्ल्यू आणि पोराच्या कागदावर व्ही राहिला असता, तर ही दोन माणसं एक झालीच नसती. गबाळ्या घरात हे घडलं नसतं.

"दुरुस्ती?" मी विचारलं. आवाज खाली आला होता.

"होईल. अर्ज भरणाऱ्याचं लेखी निवेदन, की रकाने चुकले. उमेदवाराचा पासपोर्ट. आणि ते कार्ड परत. एका परीक्षेवर दोन कार्डं बाहेर राहता कामा नयेत. कार्ड आलं की त्याच दिवशी नवं देते."

"आणि कार्ड ज्याच्याकडे आहे तो देत नसला तर?"

"तर उमेदवाराने तक्रार करायची. दुसऱ्याच्या परीक्षेवर काम करतो म्हणून. मग चौकशी, आणि चौकशी म्हणजे महिना-दोन महिने." तिने चष्मा डोळ्यावर चढवला. "त्या कार्डावर तो कामाला लागला असेल तर मात्र अवघड आहे."

बाहेर पडल्यावर भाचा माझ्या पुढे चालत राहिला. फाटकापाशी एकदाच थांबला आणि म्हणाला, "तेवीस वर्षं." एवढंच. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या.

भाऊ कामाला लागला होता. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या कारखान्यावर गेले तेव्हा तो शेडच्या दारात उलट्या बादलीवर बसून डबा खात होता. चामड्याचे हातमोजे मांडीवर होते. खिशाला कार्ड लावलेलं, प्लास्टिकच्या पाकिटात, सगळ्यांना दिसेल असं. दोन वर्षांपूर्वी याच दारातून त्याला हलकी कामं करायला पाठवलं होतं, दरवाजे आणि कठडे. आता तो पुन्हा पाइपावर होता.

"टायपिस्टीणबाई," तो म्हणाला. "रस्ता चुकलात?"

"कार्ड दे."

"कोणाचं?"

"दादा, तुला माहितीये कोणाचं."

त्याने डबा खाली ठेवला, कार्ड खिशातून काढलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं. "वाच. तुला वाचता येतं ना? हे माझं नाव. हे आपल्या बापाचं. हे आडनाव. एक अक्षर तरी चुकलंय का? तूच बसवून दिलेलं स्पेलिंग. क्रमांक बघ. हा सव्वीस वर्षांपासून माझा आहे. माझ्या नावाने, माझ्या पत्त्यावर, माझ्या क्रमांकाचं कार्ड आलं. मी काय पोस्टमनला विचारू, हे खरंच माझं का?"

"परीक्षेला तू बसला होतास?"

"बसलो होतो."

"तेव्हा नापास झालास."

तो उठला. आतले दोन-तीन जण खाता खाता थांबले. "हळू बोल," तो म्हणाला.

"मी हळूच बोलत होते. तू स्वतःहून कबूल करशील म्हणून. कार्ड आलं त्या दिवशी तुला कळलं होतं. तू परीक्षा दिलेली नाहीस आणि पास झालायस. एवढं न कळायला तू कुकुलं बाळ आहेस का?"

"कळलं होतं." त्याने कार्ड परत खिशाला लावलं. बोटं स्थिर होती, हे मी मुद्दाम बघितलं. "कळलं होतं, बरं? आणि मी म्हटलं, चला. एकदा तरी त्याचं काही मला मिळालं. एकोणीस वर्षं माझं त्याला मिळत होतं. हातात वेल्डिंगचा टॉर्च कोणी दिला? कसा धरायचा कोणी शिकवलं? आणि मला म्हणतो, हात गेला. डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं. आता मला केसाएवढा सांधा दिसतो. पाच महिन्यांत माझा एक जोड परत आलेला नाही, विचार आत."

"मग परीक्षेला बस पुन्हा. पास होशील."

"आणि नाही झालो तर?"

मला त्याची कीव आली. पण ती कीव फार टिकली नाही, कारण तो लगेच म्हणाला, "चूक तुझी आहे. तूच निस्तर. बापाचं नाव त्याला ठेव, ठेव म्हणून नाचत कोण होतं? नाव तू ठेवलंस, अर्ज तू भरलास. आता माझ्या खिशात हात घालायला आलीस?"

"शुक्रवारी त्याची जागा जाईल."

"जाऊ दे. इथे कामं आहेत. त्याच्या बापाने इथेच केली."

"म्हणजे त्याने इथेच तुझ्यासमोर बसून दरवाजे जोडावेत, असं तुला हवंय."

"मला काही नकोय," तो म्हणाला आणि डबा उचलून आत गेला. बादली मात्र जाताना लाथेने उडवली.

मी परत आले तर भाचा माझ्याच खुर्चीवर बसला होता. नोटरी त्याच्याशी काहीतरी गुळगुळीत बोलत होता. मला बघून तो गप्प झाला, पण डोळ्यांत हसू होतं. सगळ्या छपराला कळलं होतं. स्टॅम्पवालीने तर मला दिवसभरात दोनदा विचारलं की रकाने नीट बघितलेस ना गं. बारा वर्षं मी तिचे इंग्रजी अर्ज फुकट भरलेत.

"देत नाही ना?" भाच्याने विचारलं.

"नाही."

"मग लिही तक्रार."

"बापावर?"

"चोरावर. तक्रार नोंदवली की तिची प्रत कंपनीला पाठवतो, कदाचित महिनाभर थांबतील. नाही थांबले तर निदान तो तरी त्या कार्डावर काम करणार नाही. लिहितेस, की शेजारी लिहून घेऊ?"

शेजारी म्हणजे नोटरी. त्याने आधीच टोपण काढलं होतं. मी माझी खुर्ची भाच्याकडून परत घेतली.

आयुष्यात मी पुष्कळ वाईट कागद टाइप केले आहेत. घटस्फोट, बेदखल, हाकलून दिल्याच्या नोटिसा. कधी मधे थांबले नाही. त्या दिवशी तक्रारदाराच्या रकान्यात मी भाच्याचं नाव टाइप केलं, त्याच्या पुढे भावाचं, मग आडनाव. विरुद्ध बाजूच्या रकान्यात भावाचं नाव टाइप केलं, त्याच्या पुढे वडिलांचं, म्हणजे पुन्हा तेच. तीन शब्द वर, तेच तीन शब्द खाली. मधे एकच शब्द, विरुद्ध. आमचे वडील दोन्ही बाजूंना होते. मी दोनदा वाचून रकाने तपासले, आणि तपासताना मला रडू आलं. भाचा बघत होता, म्हणून मी चष्मा पुसत बसले.

मजकूर त्याने सांगितला. 'सदर इसमाने माझ्या परीक्षेचा निकाल स्वतःचा असल्याचे भासवून.' सही केली तेव्हा कागदाला भोक पडलं.

"उद्या दुपारी नोंदवतो," तो म्हणाला. "तोपर्यंत तुझ्याकडे ठेव. आणि तू त्याला दाखवायला जाणार हे मला माहितीये. जा. दाखव."

गुरुवारी सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत मी फाटकावर उभी होते. भाऊ सायकल ढकलत आला. मी कागद पुढे केला. त्याने सायकल कमरेला टेकवली आणि उभ्या उभ्या वाचला. आधी भरभर, मग परत वरून. नावांपाशी त्याचं बोट थांबलं. वरच्या नावावरून खालच्या नावावर गेलं आणि पुन्हा वर आलं.

"सही त्याने केली?"

"केली."

"समोर?"

"माझ्यासमोर."

"इसम," तो म्हणाला. "सदर इसम. हा शब्द त्याचा की तुझा?"

"कागदाचा."

"आणि तू टाइप केलास. स्वतःच्या हाताने भावाला चोर केलंस."

"चोर तू पाच महिने होतास. मी फक्त टाइप केलं. आणि माझी चूक मी काल लिहून दिली आहे, सहीनिशी, नोंदणीच्या खिडकीत. आता सगळ्या गावात मला रकाने विचारतात. तुला काय वाटतं, मला गंमत वाटते?"

कामगार आजूबाजूने आत जात होते. एकजण "काय डीव्ही" म्हणाला. भावाने हात वर केला, रोजच्यासारखा. मग खिशाचं कार्ड काढलं. प्लास्टिकच्या पाकिटाची पिन शर्टात अडकली होती, ती सोडवायला त्याला वेळ लागला. मला वाटलं तो कार्ड मोडणार. तो फेकेल म्हणून मी हात पुढे केले होते. त्याने ते माझ्या तळव्यावर ठेवलं. सांभाळून ठेवलं. आमच्या घरात मी असं पहिल्यांदा बघितलं.

"तक्रार फाड," तो म्हणाला.

"फाडते."

"आणि मी दिलं असं त्याला सांगू नकोस. तू हिसकावून घेतलंस म्हण. शोभेल तुला." मग सायकल वळवली आणि आलेल्या रस्त्याने परत निघाला. भोंगा झाला. तो आत गेला नाही.

मी तक्रार फाडली, चार तुकडे, मग आठ. त्याचं आता काय होईल हे मी विचारलं नाही. विचारण्यासारखं तोंड मला उरलं नव्हतं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, आणि तो पीळ माझ्यातही आहे. हाक मारायची असती तर मारता आली असती.

नोंदणीवालीने शब्द पाळला. कार्ड घेतलं, छेद देऊन फाइलला लावलं, भावाच्या क्रमांकासमोर मुदत संपल्याचा शिक्का मारला आणि भाच्याला नवा क्रमांक दिला. सर्टिफिकेट पासपोर्टला धरून काढलं. मी प्रत्येक अक्षर बोटाने मोजलं. ती म्हणाली, "आता इतकं बघताय." मी ऐकून घेतलं.

शुक्रवारी सकाळी भाचा कंपनीचा अर्ज भरायला माझ्या टेबलाशी बसला. हसला नाही, आभार मानले नाहीत. कार्ड मी हिसकावून घेतलं असं मी त्याला सांगितलं. "वाटलंच होतं," तो म्हणाला, "स्वतःहून तो कधी काही देणार नाही." माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. भावाला दिलेला शब्द मोडावा असं मनापासून वाटलं, आणि मी तो मोडला नाही. आजही वाटतं की मोडायला हवा होता.

कंपनीच्या अर्जावर तीन रकाने होते. मी आधी बारीक अक्षरं वाचली, मोठ्याने, एकेक. स्वतःचं नाव. मधलं नाव. आडनाव.

"मधला रिकामा ठेव," तो म्हणाला.

"ठेवता येत नाही."

"का? चांदणी नाही तिथे. सक्तीचा नाहीये तो रकाना. ते लोक तिकडे मधलं नाव लावतही नाहीत."

"त्यांचं ते बघतील. तुझा पासपोर्ट बघ." मी त्याच्यासमोर तो उघडून धरला. "इथे दोनच रकाने आहेत. एक आडनावाचा, एक नावाचा. आणि नावाच्या रकान्यात दोन शब्द आहेत. तुझा आणि त्याचा. म्हणजे पासपोर्टच्या हिशेबी तो वेगळा नाहीच, तुझ्याच नावात आहे. सर्टिफिकेटवरही दोन्ही आहेत. इथे एकच लिहिलास तर त्यांचं मशीन म्हणेल, हा तो माणूस नव्हे. मग पुन्हा मी, पुन्हा निवेदन, पुन्हा खिडकी."

"नुसतं आद्याक्षर टाक मग. डी."

"आद्याक्षरं चालत नाहीत. पूर्ण लिहा असं छापलंय."

"काढून टाकता नाही येत? कायमचं?"

"येतं. राजपत्रात छापून. मग पासपोर्ट नवा, सर्टिफिकेट नवं, शाळेचा दाखला, बँक, सगळं. दोन-तीन वर्षं धर. आज चार वाजता मुदत आहे तुझी."

तो खुर्चीत मागे टेकला. छपरावर कावळे चालत होते, त्यांच्या नख्यांचा आवाज पत्र्यावर येत होता. नोटरी कान लावून बसला होता आणि मी त्याला काही बोलले नाही.

"लिही," भाचा म्हणाला. दात आवळलेले होते. "पण बारीक लिही. लहान अक्षरांत."

मी पहिल्या रकान्यात त्याचं नाव टाइप केलं. मग दुसऱ्यात गेले. भावाचं पहिलं अक्षर दाबलं, आणि तो टेबलावरून पुढे वाकून पडद्याकडे बघायला लागला.

"आत्या, लहान म्हटलं ना मी."

"मी लहानच दाबते आहे," मी म्हणाले. "या अर्जात सगळी अक्षरं मोठीच उमटतात."